रोहित्र, ट्रान्सफॉर्मर की डीपी?

उन्हाळा आला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास असते: रोहित्र जळाले, गाव अंधारात. त्या गावात जाऊन चौकशी केली तर 'रोहित्र' हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही. शेतकरी म्हणतो, "डीपी जळाली." वायरमन म्हणतो, "ट्रान्सफॉर्मर गेला." वस्तू एकच, खांबावर बसवलेली, ११ हजार व्होल्टची वीज घराला आणि पंपाला झेपेल इतकी उतरवून देणारी. नावे मात्र तीन. एक घडवलेले, एक इंग्रजीतून जसेच्या तसे घेतलेले आणि एक दोन इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनीच रुळवलेले.

मराठीत तांत्रिक विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा पेच रोज सोडवावा लागतो. चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. एका बाजूला शक्य तिथे मराठी शब्द घडवलाच पाहिजे असे मानणारे, दुसऱ्या बाजूला 'लोकांना कळते ते लिहा' म्हणत इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून मोकळे होणारे. माझ्या मते दोन्ही बाजू शब्दाकडे पाहतात आणि त्या शब्दाला कोणते काम करायचे आहे, याकडे पाहत नाहीत. वीज हा विषय त्यासाठी फार चांगला आहे. ती शाळेच्या पुस्तकात आहे, महिन्याच्या बिलात आहे, दुकानात आहे आणि शेतातल्या पंपावरही आहे. या चार ठिकाणी एकच कल्पना कशी वेगवेगळी नावे घेते, ते नीट पाहिले की निर्णय कसा करायचा तेही उलगडत जाते.

दुकानात मागायचे ते नाव

सोप्या भागापासून सुरुवात करू. व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट, ओहम ही मापनाची एकके आहेत आणि ती माणसांच्या नावांवरून आली आहेत. व्होल्टा, अँपियर, वॅट आणि ओहम या शास्त्रज्ञांची नावे भाषांतरित होत नाहीत, तशी ही एककेही होत नाहीत. केंद्र सरकारने १९६१ मध्ये वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावलीसाठी जो आयोग नेमला, त्याच्या तत्त्वांतही हेच सांगितले आहे: एकके, मूलद्रव्यांची नावे, व्यक्तिनामांवरून आलेले शब्द, सूत्रे आणि चिन्हे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवावीत. घरच्या मीटरच्या पडद्यावर kWh अशी अक्षरे उमटतात. वाचकाला ती ओळखता आली पाहिजेत, म्हणून पुस्तकातही ती तशीच दिसली पाहिजेत.

एककांइतकाच सोपा गट म्हणजे दुकानातून आणायच्या वस्तूंचा. फ्यूज, स्विच, होल्डर, वायर, प्लग. शेतीपंपांच्या बाबतीत महावितरण वर्षानुवर्षे आवाहन करते की पंपाला कपॅसिटर बसवा आणि ऑटोस्विच काढून टाका. परिभाषेत कपॅसिटरला 'धारित्र' हा चांगला घडवलेला शब्द आहे. तरीही आवाहनात 'कपॅसिटर' असते आणि तेच बरोबर आहे. कारण ते वाचून शेतकऱ्याने तालुक्याच्या दुकानात जायचे आहे आणि काउंटरवर तो शब्द उच्चारायचा आहे. दुकानदाराला 'धारित्र' कळणार नाही, खोक्यावर तो शब्द छापलेला नाही आणि शेतकऱ्याला हात हलवत परत यावे लागेल.

गंमत नव्हे, तर विचार करण्यासारखी गोष्ट ही की ज्या संस्थेच्या सूचनांत 'कपॅसिटर' असतो त्याच संस्थेच्या सूचनांत 'रोहित्र'ही असते. वरवर पाहता ही विसंगती वाटते. पण रोहित्र शेतकऱ्याला विकत आणायचे नसते. ते कंपनीचे असते, कंपनीच्या नोंदीत आणि पत्रव्यवहारात येते, आणि तिथे एक ठरलेला अधिकृत शब्द असला की पुरते. ज्या शब्दाने वाचकाला लगेच काही करायचे आहे तो शब्द त्याच्या तोंडचा हवा. नोंदीत राहणाऱ्या शब्दाला तेवढी घाई नसते.

रोहित्र एकटा शब्दही नाही. संस्कृतात 'इत्र' या प्रत्ययाने साधनाचे नाव तयार होते. खणायचे साधन ते खनित्र. त्याच साच्यात वीज निर्माण करणारे ते जनित्र, फिरून यंत्र चालवणारे ते चलित्र, विद्युतप्रभार धरून ठेवणारे ते धारित्र आणि दाब बदलणारे ते रोहित्र. अभियांत्रिकीच्या पुस्तकात ही चार नावे एकत्र आली की त्यांची भावंडे असल्याची खूण शेवटच्या अक्षरांत दिसते. मात्र साचा चांगला असला तरी प्रत्येक शब्द सारखाच बोलका होत नाही. जनित्र ऐकून 'जन्म देणे' आठवते आणि अर्थ लागतो. रोहित्रात 'रुह्' म्हणजे वाढणे, वर चढणे हा धातू दिसतो, आणि गावाच्या खांबावरचे रोहित्र तर दाब उतरवते. शब्दातून अर्धाच अर्थ मिळतो, उरलेला शिकवावा लागतो. म्हणून रोहित्र कागदावर टिकले आणि गावात डीपीच राहिली.

'करंट आहे का बघ'

आता कठीण भाग. वस्तूला नाव देणे सोपे असते, कारण बोट दाखवता येते. कल्पनेकडे बोट दाखवता येत नाही. तिथे बरेच जण म्हणतात की इंग्रजी शब्द तरी लोकांना ठाऊक आहे, तोच घेऊ. पण रुळलेला इंग्रजी शब्द मराठीत आला की तो मराठी अर्थ घेऊन राहतो, आणि तो अर्थ मूळ शास्त्रीय अर्थाशी जुळेलच असे नाही.

घरात बोर्डाचे काम निघाले की आपण टेस्टर लावतो आणि म्हणतो, "करंट आहे." या वेळी दिवा बंद आहे, पंखा बंद आहे, त्या तारेतून कोणतेही उपकरण चालत नाही. पदार्थविज्ञानाच्या भाषेत तिथे विद्युतधारा जवळजवळ नाहीच. आहे ते विभवांतर. हात लागला आणि अंगातून जमिनीकडे वाट मिळाली, तर धारा वाहू लागेल. म्हणजे बोलीतला 'करंट' हा इंग्रजीतल्या त्याच शब्दाच्या शास्त्रीय अर्थापेक्षा व्होल्टेजच्या अर्थाला जवळचा आहे. 'लाइट' या शब्दाचेही तसेच. "लाइट गेली" याचा अर्थ दिवा विझला असा नसतो, वीजपुरवठा बंद झाला असा असतो. भर दुपारीही लाइट जाते.

आता नववीच्या मुलापुढे 'परिपथ खुला असताना करंट शून्य असतो' असे वाक्य ठेवा. त्याच्या घरातला अनुभव नेमका उलट सांगतो: स्विच बंद असला तरी बोर्डात करंट असतो, म्हणून तर हात लावायचा नाही. इथे ओळखीचा शब्दच वाट अडवतो. 'विद्युतधारा' हा शब्द घेतला की तो घोळ होत नाही. तो शब्द घरातून कोणताही अर्थ घेऊन येत नाही, आणि 'धार' या ओळखीच्या शब्दाशी नाते असल्यामुळे काहीतरी वाहते आहे हे मात्र सुचवतो. घडवलेल्या शब्दाचे मोठेपण इथे आहे. त्याचा अर्थ आपण ठरवून देऊ शकतो.

दुसरे बळ संततीचे. 'वाहक' हा शब्द घेतला की वहन, वाहकता, सुवाहक, दुर्वाहक, अर्धवाहक, अतिवाहक ही सगळी मंडळी आपोआप मिळतात. मुलाने 'अतिवाहक' हा शब्द पूर्वी ऐकलेला नसला तरी तो अंदाज करू शकतो की हा पदार्थ वीज फारच सहज वाहून नेत असणार. 'कंडक्टर' घेतला तर कंडक्टिव्हिटी, सेमीकंडक्टर, सुपरकंडक्टर असे प्रत्येक रूप स्वतंत्रपणे पाठ करावे लागते, कारण ते शब्द ज्या नियमांनी बनले ते नियम त्याच्या भाषेत नाहीत. जी कल्पना पुढे पाच-सहा शब्दांना जन्म देणार आहे, तिला मराठी मूळ द्यावे. जी वस्तू एकटीच राहणार आहे, तिला आलेल्या नावानेच राहू द्यावे. फ्यूजपासून पुढे कोणताही शब्द काढायचा नसतो.

शेजार पाहून घर बांधावे

शब्द घडवताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते: हा शब्द आधी कोणी वापरतो आहे का, आणि वापरत असेल तर तो शेजारी आहे की दूरचा. एसटीच्या भाषेत चालक आणि वाहक असतात. तोच 'वाहक' विजेच्या धड्यातही आहे. पण बसचा वाहक आणि तांब्याची तार एका वाक्यात कधी येत नाहीत, म्हणून कुठे गोंधळ होत नाही.

'भार' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या लेखनात विद्युत भार हा शब्द इलेक्ट्रॉनवर असतो त्या गुणधर्मासाठी वापरला गेला. दुसरीकडे उपकरणे जितकी वीज ओढतात त्यालाही भारच म्हटले जाते. घरच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेले असते तो हाच. भर म्हणून साध्या बोलण्यात भार म्हणजे वजन. तीनही अर्थ विजेच्या एकाच पानावर भेटू शकतात. आजची पाठ्यपुस्तके इलेक्ट्रॉनच्या बाबतीत 'प्रभार' म्हणतात, धनप्रभार, ऋणप्रभार, आणि हा एका उपसर्गाचा बदल फार उपयोगी आहे. बिलातली रक्कम मात्र 'आकार' या तिसऱ्याच शब्दाने येते: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. इंग्रजीत प्रभार, बिलातला आकार आणि मोबाइल भरणे या तिन्हींना एकच शब्द आहे. मराठीने त्याचे तीन तुकडे केले: प्रभार, आकार आणि मोबाइलपुरते 'चार्जिंग'. इंग्रजी शब्द सरसकट देवनागरीत उतरवला असता तर ही स्पष्टता हातची गेली असती.

शेजारी परक्या भाषेतलाही असू शकतो. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणूंचा जोडलेला गट. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. त्यामुळे मराठी वाचक हिंदी पुस्तकातला 'अणु' वाचतो तेव्हा तो एक पायरी चुकीची समजतो. क्षाराचेही तसेच: मराठीत मीठ हा क्षार, हिंदीत मीठ हे लवण आणि क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ. हिंदी परिभाषा समोर ठेवून मराठी मजकूर तयार करणाऱ्याने ही जागा हमखास तपासावी. दोन्ही शब्द संस्कृतच दिसतात, म्हणून चूक डोळ्याला खुपत नाही.

एक वाक्य, दोन वाचक

आता एक वाक्य हातात घेऊ. पंपाच्या वापराबद्दलच्या एखाद्या इंग्रजी पत्रकातली सूचना अशी समजा: दाब कमी असताना मोटर चालवू नये, जादा भाराने सर्किट ब्रेकर पडेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल.

कोश उघडून बसलेला अनुवादक लिहील: 'अल्प विभवांतराच्या स्थितीत विद्युत चलित्र कार्यान्वित करू नये, अतिभारामुळे परिपथ खंडक विमुक्त होण्याची अथवा रोहित्र ज्वलित होण्याची शक्यता असते.' घाईतला अनुवादक लिहील: 'लो व्होल्टेज कंडिशनमध्ये मोटर ऑपरेट करू नये, ओव्हरलोडमुळे सर्किट ब्रेकर ट्रिप किंवा ट्रान्सफॉर्मर बर्न होऊ शकतो.' पहिल्यात शेतकऱ्याला शब्द कळत नाहीत. दुसऱ्यात शब्द कळतात, पण वाक्य मराठी नाही. 'बर्न होणे' कोणी म्हणत नाही, त्यासाठी 'जळणे' आहे.

पत्रकासाठी मी असे लिहीन: 'व्होल्टेज कमी असेल तर मोटर चालू करू नका. लोड वाढला की ब्रेकर पडतो, नाहीतर डीपी जळते.' वस्तूंची नावे लोकांची, आणि क्रियापदे शुद्ध घरची: पडणे, जळणे, वाढणे. नाम बाहेरून आले तरी चालते, पण क्रियापद आपले असेल तर वाक्य आपले राहते. इंग्रजी शब्द घ्यावा की न घ्यावा या वादात ही गोष्ट नेहमी मागे पडते.

हीच माहिती दहावीच्या मुलाला द्यायची असेल तर? त्याला 'चालू करू नका' एवढे सांगून भागत नाही, कारण त्याला 'का' कळायला हवे. त्याच्यासाठी असे लिहावे लागेल: 'विभवांतर कमी झाले तरी पंपाला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. म्हणून मोटर अधिक विद्युतधारा घेते. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते आणि मोटरचे वेटोळे जळते.' हेच सूत्रात H = I²Rt असे लिहितात. इथे विभवांतर, धारा, उष्णता हे शब्द आपली किंमत वसूल करतात, कारण त्यांच्यातला संबंध हाच धडा आहे. मोटर मात्र इथेही मोटरच ठेवली आहे. पाठ्यपुस्तकात मोटरची रचना शिकवताना 'चलित्र' शब्द येईल आणि त्याला तिथे जागा आहे. या वाक्यात ती फक्त एक वस्तू आहे.

वीजक्षेत्रात काम करणारे लोक व्होल्टेजला तिसरा शब्द वापरतात, 'दाब'. उच्चदाब ग्राहक, लघुदाब वाहिनी हे शब्द तिथे पूर्ण रुळले आहेत. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर, या रोजच्या अनुभवामुळे हा शब्द चटकन पटतो. शाळेत तो घेत नाहीत याचे कारणही तसेच नेमके आहे: पदार्थविज्ञानात वायूचा आणि द्रवाचा दाब ही वेगळी राशी आहे, तिचे एकक पास्कल आहे, आणि दोन्ही एकाच वर्गात शिकवल्या जातात. पुन्हा शेजाराचाच प्रश्न. एकाच राशीला विभवांतर, दाब आणि व्होल्टेज अशी तीन नावे असणे यात काही वाईट नाही. प्रत्येकाचे घर वेगळे आहे. वाईट तेव्हा होते, जेव्हा एकाच लेखात पहिल्या परिच्छेदात दाब, तिसऱ्यात विभवांतर आणि पाचव्यात व्होल्टेज येते आणि वाचक तीन वेगवेगळ्या गोष्टी समजतो. म्हणून पहिल्या उल्लेखात एकदा 'विभवांतर, म्हणजे बोलण्यातले व्होल्टेज' अशी ओळख करून द्यावी आणि मग शेवटपर्यंत एकच शब्द धरावा.

तिसरी वाट

घडवणे आणि उचलणे या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे, जी कोशांपेक्षा लोकांना जास्त सापडते: असलेल्या मराठी शब्दाला नवे काम देणे. 'वीज' हा शब्दच तसा आहे. आकाशात चमकणाऱ्या विजेचे नाव तारेतल्या विजेला मिळाले आणि कोणालाही शिकवावे लागले नाही. तारेवर चोरून वायर अडकवण्याला गावाने 'आकडा टाकणे' हा शब्द दिला. त्याहून नेमका शब्द कोणत्याही समितीला सुचला नसता. नवा संस्कृत शब्द बनवण्याआधी असा एखादा शब्द आसपास आहे का, हे विचारून पाहावे.

घडवलेला शब्द रुळतो तोही बहुधा वापराच्या रेट्यानेच. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेची मोठी टंचाई होती. कोणत्या भागात किती तास वीज नसेल याची वेळापत्रके वर्तमानपत्रांत 'भारनियमन' या मथळ्याखाली येत. घराघरात ती वाचली जात, कारण स्वयंपाकाची, अभ्यासाची आणि पाणी भरण्याची वेळ त्यावर ठरत असे. सहा अक्षरांचा हा जड शब्द त्या वाचनाने ओळखीचा झाला. लोडशेडिंग हा शब्द गेला नाही, दोन्ही राहिले. शब्द सोपा की अवघड, यापेक्षा तो नेमक्या गरजेच्या वेळी आणि रोज समोर आला का, हे महत्त्वाचे ठरले.

शब्द चुकला आहे हे ओळखायचे कसे? मजकूर वाचलेल्या माणसाला तोच मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. त्याने घडवलेला शब्द बाजूला सारून लगेच दुसरा वापरला आणि अर्थ तोच ठेवला, तर त्या वाचकासाठी तो शब्द गरजेचा नव्हता. उलट, इंग्रजी शब्द बिनचूक उच्चारला पण दोन कल्पनांमधला फरक सांगता आला नाही, तर उसना शब्द अपुरा पडला. 'वॅट' आणि 'युनिट' यांची परीक्षा घेऊन पाहा. २ हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट होते. वॅट हे वीज किती वेगाने वापरली जाते त्याचे माप, युनिट हे एकूण किती वापरली त्याचे. दोन्ही शब्द घरोघरी आहेत, फरक मात्र फार थोड्यांना सांगता येतो. शक्ती आणि ऊर्जा हे दोन शब्द वेगळे शिकवले, तर तो सांगता येतो.

आज छतावरच्या सौर पॅनेलांमुळे हाच पेच नव्याने उभा आहे. पॅनेल आणि इन्व्हर्टर या विकत घ्यायच्या वस्तू आहेत, ती नावे तशीच राहावीत. पण 'नेट मीटरिंग' ही वस्तू नाही. जाळ्यातून घेतलेली वीज आणि जाळ्याला परत दिलेली वीज यांची वजाबाकी करून बिल काढायची ती पद्धत आहे. मीटरवर दोन आकडे येतात, त्यांची इंग्रजी नावे 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट'. त्यांना आयात-निर्यात म्हटले तर बंदर आणि जहाज आठवेल. 'घेतलेली वीज', 'दिलेली वीज' आणि 'निव्वळ वीज' असे शब्द घेतले, तर ग्राहक स्वतः वजाबाकी करून आपले बिल तपासू शकतो. हे शब्द अजून पक्के झालेले नाहीत. बिलाचा नमुना ठरवणाऱ्यांनी, बातमी लिहिणाऱ्यांनी आणि पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी आत्ता एकच संच ठरवला तर तो टिकेल. दहा वर्षांनी ठरवू म्हटले, तर तोवर लोकांनी आपली सोय करून घेतलेली असेल.